दागिन्यांचा विमा: घराच्या पॉलिसीत की वेगळा?

समजा, तुमच्याकडे दोन दागिने आहेत. एक, २२ कॅरेटच्या ४० ग्रॅम वजनाच्या बांगड्या, बिनखड्याच्या, क्वचितच बाहेर निघणाऱ्या. दुसरी, १८ कॅरेट सोन्यातली एक कॅरेट हिऱ्याची अंगठी, रोज बोटात असणारी. दोन्हींची किंमत सारखी असली तरी दोन्हींना एकच विमा लागू पडत नाही.

बांगड्या बहुतेक वेळ कपाटातच असतात, म्हणून त्यांना भीती घरफोडीची आणि आगीची. त्यांना घराच्या विम्यातली ‘घरातील सामान’ ही बाजू बऱ्याचदा पुरते. मात्र अशा पॉलिसीत एका वस्तूसाठी कमाल रक्कम ठरलेली असते आणि सगळ्या मौल्यवान वस्तूंची मिळून वेगळी मर्यादा असते. कुलूप किंवा दार फोडल्याची खूण नसेल तर चोरीचा दावा अनेकदा नाकारला जातो. किल्ली ज्यांच्या हाती असते अशांचा घरात वावर असेल, तर हे कलम आधी वाचा.

अंगठीचे धोके घराबाहेरचे आहेत: हात धुताना काढून विसरणे, प्रवासात हरवणे, खडा निसटणे. तिच्यासाठी वर्णन आणि रक्कम नोंदवून वेगळे, सर्व जोखमींचे संरक्षण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्ता जास्त पडतो. त्यातही एक कलम जपून वाचा: खडा धरून ठेवणारे आकडे झिजून हिरा पडला, तर ती ‘नेहमीची झीज’ मानून भरपाई नाकारता येते. म्हणून वर्षातून एकदा सराफाकडून आकडे तपासून घ्या आणि त्याची पावती जपा. दावा आला की हीच पावती तुमच्या बाजूने बोलते.

दागिने हरवले तर ती झळ तुम्ही स्वतः सोसू शकत असाल आणि ते सहसा वापरातही नसतील, तर विमा न घेता चांगल्या तिजोरीवर खर्च करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

आता सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट: कमी रकमेचा विमा. सगळ्या दागिन्यांची आजची किंमत १० लाख आहे, पण जुन्या पावत्या धरून विमा ६ लाखांचाच काढला. त्यातले ३ लाखांचे दागिने चोरीला गेले. ३ लाख हे ६ लाखांच्या आतच आहेत, म्हणून पूर्ण मिळतील असे वाटते. पण पॉलिसीत प्रमाणशीर भरपाईचे कलम असेल तर विमा कंपनी म्हणते, तुम्ही ६० टक्केच विमा उतरवलात. म्हणून हातात येतात १ लाख ८० हजार. सोन्याचा भाव चढला की तुमच्या नकळत हे अंतर वाढत जाते.

म्हणूनच मूल्यांकनाचा कागद ताजा हवा. दर दोन-तीन वर्षांनी, किंवा भावात मोठी उडी आली की, नवा करून घ्या. खरेदीची पावती फक्त मालकी आणि त्या वेळची किंमत सांगते. हिऱ्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात वजन, रंग, शुद्धता असते, पण किंमत नसते. विमा कंपनीला हवे ते मूल्यांकनकाराचे सहीशिक्क्याचे, तारीख असलेले पत्रक. त्यात ‘विम्यासाठी, नवा घेण्याची किंमत’ असा उद्देश लिहिलेला असावा. विकायला गेल्यावर मिळणारी किंमत त्याहून बरीच कमी असते आणि तीच लिहून आली तर वरचाच घोटाळा होतो. बांगड्यांसाठी एकूण वजन, कस (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि घडणावळ पुरे. अंगठीसाठी हिऱ्याचे माप, तो नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला, त्यावर काही प्रक्रिया झाली आहे का आणि पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो, हे सगळे हवे. नुसते ‘हिऱ्याची अंगठी, एक नग’ लिहिलेले पत्रक परत पाठवा.

घरात ठेवताना लक्षात घ्या की आगीपासून वाचवणारी तिजोरी चोरापासून वाचवेलच असे नाही. दोन्ही चाचण्या वेगळ्या असतात. हलकी तिजोरी तर चोर उचलूनच नेतो, तेव्हा ती काँक्रीटच्या जमिनीला किंवा भक्कम भिंतीला आतून बोल्ट करा. मोठ्या रकमेसाठी विमा कंपनी विशिष्ट दर्जाची तिजोरी मागू शकते. तिजोरी घेण्याआधी त्यांना विचारा. आत प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा, कारण हिरा बाकी सगळ्या खड्यांवर आणि सोन्यावर ओरखडे काढतो. मोती मात्र कापडी पिशवीतच ठेवा. हवाबंद प्लास्टिकमध्ये त्यांची चमक बिघडते.

पॉलिसी, मूल्यांकन आणि फोटो यांच्या प्रती त्याच तिजोरीत ठेवू नका. तिजोरी गेली तर दाव्याचे कागदही तिच्याबरोबर जातात. एक संच घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे द्या.