पन्हाळ्याच्या चढाला 14 दाती की 28 दाती चकती?

पुढची चकती 42 दातांची असेल, तर मागे 14 दाती चकतीवर पॅडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरते आणि 28 दातीवर दीडदा. रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर पहिलीच सोयीची, कारण मिनिटाला 60 फेऱ्यांत ती ताशी सुमारे 23 किलोमीटर वेग देते, तर दुसरी जेमतेम 11.

पन्हाळ्याच्या वाटेवर मात्र शंभर मीटरला 6 मीटर चढ आणि सायकलसह 85 किलो वजन धरले, तर चाकाला सुमारे 18 न्यूटन-मीटर पीळ लागतो. साखळी पीळ दातांच्या प्रमाणात बदलते, म्हणून पॅडलवर तो 14 दातीला सरासरी 55, तर 28 दातीला 27 न्यूटन-मीटर द्यावा लागतो.

ताशी 11 किलोमीटरच्या त्याच वेगाला लागणारी शक्ती दोन्हीकडे सारखीच, सुमारे 170 वॅट. 14 दातीवर पॅडल मिनिटाला 30 फेऱ्या घेते, 28 दातीवर 60. गिअर शक्ती वाढवतो हा समज (दुकानातही ऐकू येणारा) चुकीचा आहे. सीटवरून उठून प्रत्येक पॅडलवर अंग टाकावे लागले, तर चकती लहान पडली असे समजावे. चढाला मी 28 दातीच घेईन.