कबुलीपत्र हातात आलं, तेव्हा तीन वर्षं उलटली होती

उधारीवर माल देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. समोरचा माणूस पैसे बुडवायचं ठरवून बसला असेल, तर तो कागद लिहून द्यायला नकार देत नाही. तो फक्त कागदाची तारीख आणि शब्द स्वतः ठरवतो.

आमचा सांगलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. बेदाण्याच्या हंगामात पंधरा किलोच्या बॉक्सची मागणी जोरात असते. तासगाव भागातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याला आम्ही मार्च ते मे 2022 मध्ये माल दिला. बिलं झाली 6,12,400 रुपयांची, त्यात त्याचे 1,25,000 आगाऊ आलेले. बाकी 4,87,400. बिलावर तीस दिवसांची उधारी छापलेली, शेवटचं बिल 20 मेचं.

मग सुरू झालं ते सगळ्यांच्या ओळखीचं. कोल्ड स्टोरेजमधला माल विकला की देतो, भाव पडलेत, अमुक पार्टीकडून यायचे आहेत. माणूस गोड. फोन उचलायचा, चहा पाजायचा, 'तुमचे पैसे कुठं जात नाहीत' म्हणायचा. मात्र मार्चअखेर खातेउतारा सहीला पाठवला की हिशेबनीस रजेवर असायचा. चेक कधीच दिला नाही. 2024 च्या दिवाळीला फार मागे लागल्यावर दहा हजार यूपीआयने आले, तेही पुतण्याच्या खात्यावरून.

जुलै 2025 मध्ये त्यानं स्वतःहून बोलावलं आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, नोटरी केलेला कागद हातात ठेवला. बिलांच्या तारखा, मूळ बाकी, सगळं बरोबर; फक्त पुतण्याचे दहा हजार वजा केलेले नव्हते. मजकूर असा: 'आमच्या खतावणीप्रमाणे आपले रु. 4,87,400 येणे दिसते. दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने रक्कम मिटवण्याचा प्रयत्न राहील.' खाली फर्मचा शिक्का, 'करिता' लिहून पुतण्याची सही, तारीख 11 जुलै 2025.

दिवाळी गेली, पैसे आले नाहीत. आम्ही वकिलांमार्फत नोटीस दिली. उत्तर आलं: दावा मुदतबाह्य आहे, कागदात पैसे देण्याचं वचन नाही आणि पुतण्याला सहीचा अधिकार नव्हता.

वकिलांनी बिलं ओळीनं मांडून दाखवली. उधारीवर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची, आणि ती प्रत्येक बिलाची उधारी संपते तेव्हापासून वेगवेगळी मोजायची. शेवटच्या बिलाची उधारी 19 जून 2022 ला संपली, म्हणजे जून 2025 मध्ये तेही बिल मुदतीबाहेर गेलं. मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ऋणकोनं सही करून देणं कबूल केलं की त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात, पण ही कबुली जुनी मुदत चालू असतानाच यावी लागते. आमचा कागद तीन आठवडे उशिराचा निघाला. हा योगायोग आहे असं मी तरी मानत नाही.

कलम 19 प्रमाणे मुदतीत आलेल्या काही रकमेनंही मुदत वाढते, मात्र ती देणेकऱ्यानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं दिलेली हवी आणि त्याचं सहीचं लेखी काही हवं. सही केलेला चेक तिथे कामाला येतो. पुतण्याच्या यूपीआयवर कुणाची सही दाखवणार? चेक का टाळला जात होता, ते तेव्हा उमगलं.

राहिला करार कायद्याच्या कलम 25(3) चा रस्ता. मुदत संपलेलं देणंही 'मी देईन' असं सहीनं लिहून दिलं तर वसूल होऊ शकतं. पण तिथे नुसती कबुली पुरत नाही, स्पष्ट वचन लागतं. 'येणे दिसते' हे वचन नव्हे, आणि 'प्रयत्न राहील' हे वचन आहे की नाही यावरच आता कोर्टात भांडण आहे. स्टॅम्पपेपर आणि नोटरीनं यातलं काहीही बदलत नाही. आपल्याकडे पाचशेचा कागद बघितला की माणूस निम्मा निश्चिंत होतो, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं.

सहीच्या बाबतीत थोडी आशा आहे. आमच्या डिलिव्हरी चलनांवर माल मिळाल्याची सही जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच पुतण्याची आहे आणि भावाची घासाघीस करणारे मेसेजही त्याचेच. तो फर्मच्या वतीनं व्यवहार करायचा हे त्यावरून दाखवायचा प्रयत्न आहे. दावा दाखल झालाय.

आता आम्ही एप्रिलमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला एका पानाचा खातेउतारा देतो: बिल क्रमांक, तारखा, बाकी, आणि खाली 'वरील रक्कम मी देणे लागतो व अमुक तारखेपर्यंत देईन'. सही मालकाची, तारीख त्याच्याच हातची. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या मागतो, कारण एकाच्या कबुलीनं बाकीचे आपोआप बांधले जात नाहीत. मागच्या एप्रिलमध्ये दोघांनी सही टाळली. त्यांची उधारी बंद केली, आणि त्यातल्या एकानं आठवड्यात चेक पाठवला.