सात महिने, चार केबली आणि मध्येच गायब होणारा नकाशा

गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा कधी जाणार हे मला आता पाठ झालंय. जिथे रस्ता फुटतो तिथेच. उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं हे ठरवायची वेळ आली की स्क्रीन काळी होते, रेडिओ आपणहून वाजू लागतो आणि आठ-दहा सेकंदांनी नकाशा परत येईपर्यंत मी नको त्या पुलावर असतो.

वायरने अँड्रॉइड ऑटो वापरायला लागून सात महिने झाले. त्याचे फायदे सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर शब्द खर्चत नाही. मला लिहायचंय ते तुटणाऱ्या जोडणीबद्दल, आणि खरं तर एका मिलिमीटरबद्दल.

पहिले दोन महिने मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. ॲप अपडेट केलं, कॅशे साफ केली, बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलं, गाडी फोनमधून काढून पुन्हा जोडली. सर्व्हिस सेंटरने आधी स्क्रीनचं सॉफ्टवेअर नवं टाकलं. तरी फरक पडला नाही तेव्हा ‘युनिटच बदलावं लागेल’ म्हणाले. वॉरंटी संपलेली. टूथपेस्टची ट्यूब कापून शेवटचं बोटभर काढणारा माणूस मी, त्या कोटेशनकडे पाहून गपचूप घरी आलो.

केबलवर संशय घ्यायचं सुचलंच नाही, कारण फोन व्यवस्थित चार्ज होत होता. शेवटी बायकोच म्हणाली, “स्क्रीन जाते तेव्हा फोनवरचं चार्जिंगचं चिन्ह जात नाही, बघितलंस का?” नव्हतं बघितलं. सगळी गोम तिथेच होती.

गाडीच्या बाजूचा चपटा यूएसबी-ए प्लग हातात घेऊन उजेडात आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन डेटा. कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा साधारण १ मिमी लांब असतात. हे मुद्दाम केलेलं असतं: प्लग घालताना वीज आधी जोडली जावी आणि काढताना डेटा आधी सुटावा. पण याचाच दुसरा अर्थ असा, की खड्ड्यात प्लग केसभर मागे सरकला तर वीज चालू राहते आणि डेटा तुटतो. मी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, प्लग हळूहळू मागे ओढून पाहिला. नकाशा गेला, चार्जिंगचं चिन्ह तसंच. अगदी पुलाखाली व्हायचं तेच.

संपर्क सुटतो क्षणभरच, मग स्क्रीन इतका वेळ का घेते? कारण गाडीच्या दृष्टीने फोन निघून गेलेला असतो. परत जोडला की गाडी त्याला आधी साधा फोन म्हणून ओळखते, मग ॲक्सेसरी मोडमध्ये जायला सांगते, फोन नव्या ओळखीने पुन्हा जोडला जातो, दोघांमध्ये सुरक्षित जोडणी होते आणि मगच चित्र सुरू होतं. चार्जिंगला यातलं काहीच लागत नाही. म्हणून ‘चार्ज करते म्हणजे केबल चांगली’ हे साफ खोटं आहे.

हे कळल्यावर मी तावातावाने दोन मीटरची, विणलेल्या वेष्टनाची, जाडजूड फास्ट चार्जिंग केबल घेतली. जास्त जाड म्हणजे जास्त चांगली, असं तेव्हाचं माझं मत. ते मत आठवडाभर टिकलं. जोडणी आधीपेक्षा जास्त तुटू लागली! ती केबल इतकी ताठ होती की गिअरजवळून वळताना प्लगला सतत वरच्या बाजूला रेटायची. त्यात तिचा जाडपणा वीज वाहणाऱ्या तारांचा. डेटाची जोडी किती नीट पिळलेली आहे, तिच्याभोवती शील्ड आहे का, हे वेष्टनावरून कळत नाही. वेगाच्या आकड्यांनाही भुलू नका. वायरच्या अँड्रॉइड ऑटोला यूएसबी २.० चा ४८० एमबीपीएस वेग गरजेपेक्षा जास्तच आहे.

तिसरी केबल ड्रॉवरमध्ये सापडली, बारीक, मीटरभर, फुकट. तिची तऱ्हा न्यारी. सकाळी फोन भरलेला असताना तासभर निर्वेध चालायची आणि संध्याकाळी बॅटरी १५ टक्क्यांवर असली की दर पाच मिनिटांनी तुटायची. कागदावर हिशोब मांडला. आतली वीजतार २८ गेजची धरली तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जायची एक आणि यायची एक मिळून ०.४३. भुकेल्या फोनने १.५ अँपिअर ओढले तर वाटेतच ०.६ व्होल्टच्या वर गळती, आणि त्यातली निम्मी ग्राउंडच्या तारेत. म्हणजे फोनचा ‘शून्य’ गाडीच्या ‘शून्या’पेक्षा ०.३ व्होल्ट वर. डेटाचा सिग्नल स्वतःच जेमतेम ०.४ व्होल्टचा असतो, त्याला हे कुठून झेपणार? बॅटरी भरली की प्रवाह कमी होतो आणि तीच केबल शहाण्यासारखी वागते. म्हणून केबल तपासायची तर फोन जवळजवळ रिकामा असताना तपासा.

घरी तपासायला मी लिनक्सचा लॅपटॉप वापरला. फोन जोडून फाइल ट्रान्सफर निवडायचं, एखादी मोठी फाइल कॉपीला लावायची आणि `sudo dmesg -w` चालू ठेवून केबल दोन्ही टोकांशी हळू हलवायची. खराब केबल लगेच बोलते:

```
usb 1-2: USB disconnect, device number 14
usb 1-2: new high-speed USB device number 15 using xhci_hcd
```

नुसतं बोट लावल्यावर अशा ओळी आल्या तर केबल गाडीत न्यायचीच नाही. लॅपटॉप नसेल तर गाडीतच तिन्ही गोष्टी बघा: फक्त चित्र गेलं, चार्जिंगसुद्धा गेलं, की चित्र गोठलं पण जोडणी तुटलीच नाही. पहिल्यात डेटाच्या तारा किंवा प्लगची पकड, दुसऱ्यात अख्खा संपर्क किंवा वीज, आणि तिसरं बहुतेक वेळा खरंच सॉफ्टवेअर.

चौथी केबल अर्ध्या मीटरची, मऊ, यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या यूएसबी-आयएफ संस्थेचं प्रमाणपत्र असलेली. गूगलचा सल्लाही एक मीटरपेक्षा लहान केबल वापरा आणि मध्ये हब किंवा एक्स्टेंशन लावू नका असाच आहे. तीन महिन्यांत जोडणी दोनदाच तुटली, दोन्ही वेळा माझा गुडघा लागून.

सहाव्या महिन्यात पुन्हा रोज तुटू लागली तेव्हा मात्र मी हादरलो. लॅपटॉपवर तीच केबल दुसऱ्या फोनबरोबर ठणठणीत. दोष निघाला माझ्या फोनच्या पोर्टमध्ये. लाकडी टूथपिकने खिशातला लिंट काढला तर वाटाण्याएवढा बोळा निघाला! प्लग तळापर्यंत बसतच नव्हता. फोन बंद करून काढा, आणि सुई घालू नका.

आता केबल गाडीच्या पोर्टमधून काढतच नाही, सोडतो फक्त फोनकडचं टोक. साध्या यूएसबी-ए जोडणीची मर्यादा १,५०० वेळा घालण्या-काढण्याची असते, टाइप-सीची १०,०००. मी दिवसातून दोनदा काढघाल करायचो, म्हणजे याच हिशोबाने दोन वर्षांत १,४६०. गाडीचं पोर्ट थोडं सैल झालंय ते त्यामुळेच असावं, आणि ते बदलायचं तर पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहावं लागेल.

ती जाडजूड केबल फेकलेली नाही. रात्री उशाशी फोन चार्ज करायला झकास आहे.