ईमेल कसा लिहायचा: ‘कळविण्यात येते की’ थाटात की थेट?

अंबडच्या एका कारखान्यातून पुण्याच्या ग्राहकाला मंगळवारी 500 ब्रॅकेट जायचे होते. सोमवारी शटडाउनमुळे वीज नव्हती, माल लांबला. आपल्याकडचा नेहमीचा ईमेल असा जातो:

‘इट इज टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू पॉवर शटडाउन ऑन मंडे, द डिस्पॅच ऑफ 500 ब्रॅकेट्स कुड नॉट बी डन अँड द सेम विल बी डन बाय थर्सडे.’

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आधी कारण, मग माल, मग काय झालं, हा क्रम आपल्याला सहज वाटतो. पण पर्चेसवाला मोबाइलवर पहिली ओळच बघतो, आणि तिथे कामाचं काही नसतं. शिवाय ‘विल बी डन बाय थर्सडे’ म्हणजे माल गुरुवारी निघणार, त्याआधीच निघणार, की पोचणार? तो फोन करणारच.

थेट पद्धतीत हाच मजकूर असा होतो:

‘वुई विल डिस्पॅच द 500 ब्रॅकेट्स ऑन थर्सडे, नॉट ट्यूजडे. मंडेज पॉवर शटडाउन स्टॉप्ड अवर मशीन्स. इफ यू नीड 200 अर्लियर, प्लीज टेल अस बाय नून टुमॉरो.’

कर्ता, क्रियापद, माल, दिवस. कारण दुसऱ्या वाक्यात. हे जमत नसेल तर फोनवर काय बोलला असता ते आठवा: ‘साहेब, माल गुरुवारी निघतोय.’ बोलताना आपण ‘कळविण्यात येते’सारखा कर्मणी वापरतच नाही. तो सरकारी पत्रांचा संस्कार आहे. ‘इन्फॉर्म्ड टू यू’ ही चूकही ‘आपणांस कळवणे’मधून येते. इंग्रजीत ‘इन्फॉर्म’नंतर सरळ माणूस येतो, मध्ये ‘टू’ लागत नाही.

थेट पद्धतीची अडचण एकच, पण खरी: कर्ता समोर आला की दोषही समोर येतो. थकलेल्या बिलासाठी ‘यू हॅव नॉट पेड अस’ लिहिलं तर जुना ग्राहक दुखावतो. तिथे ‘द पेमेंट हॅज नॉट बीन रिसिव्ड’ हेच बरं. पुढची मागणी मात्र थेट ठेवा: ‘प्लीज रिलीज इट बाय फ्रायडे.’ कोणी केलं याला महत्त्व नसेल तिथेही कर्मणी चालतो. कंटेनर क्लिअर झाला, एवढंच सांगायचं असेल तर कस्टममधल्या माणसाला कर्ता करण्यात अर्थ नाही.

उलट चूक आपली असेल तेव्हा ‘मिस्टेक वॉज डन’ लिहून लपू नका. ‘वुई सेंट द राँग ड्रॉइंग, द करेक्ट वन इज अटॅच्ड’ हे वाचून समोरचा लगेच कामाला लागतो.

म्हणून माझा कौल असा: तारीख, मागणी आणि आपली चूक थेट लिहा, समोरच्याची चूक कर्मणीत. सगळे ईमेल एकदम बदलायला जाऊ नका. आधी डिस्पॅचचे बदला, फोन तिथेच जास्त येतात.