करार दाखवला, पण कलमंच नाही दाखवली

वाकडमधल्या एका फ्लॅटचा हिशेब बघा. भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, मुदत ११ महिने. भाडेकरूने जाणकारांना एवढंच लिहून विचारलं, "करार ठीक आहे ना?" सोबत सूची-२ची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत. सगळ्यांनी "ठीक आहे" म्हटलं. एजंटनेही छातीठोक सांगितलं होतं, "महिन्याची नोटीस द्या आणि सोडा." चौथा महिना संपताना जागा सोडली, तेव्हा हातात आले ९,००० रुपये.

नोटिशीचं कलम होतं, पण त्याची सुरुवात "कलम ९च्या अधीन राहून" अशी होती. कलम ९मध्ये सहा महिन्यांचा लॉक-इन, आधी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचं भाडं, म्हणजे ४४,०००. पुढे कुठेतरी रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं, २२,०००. सूची-२मध्ये यातलं काहीच नसतं. तिथे पक्षकारांची नावं, मिळकत आणि रक्कम दिसते, अटी दिसत नाहीत. एजंटने फसवलं ते याच फटीतून.

म्हणून मत विचारताना सगळी कलमं क्रमांकासकट द्या. एकच कलम कापून पाठवलं तर ते ज्या कलमावर टेकलंय ते दिसत नाही. आणि हे नोंदणीसाठी थंब द्यायच्या आधी करा. एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन दारात उभा असताना वाचन होत नाही. मसुद्याची पीडीएफ निदान दोन दिवस आधी मागा.

करार असा दुसऱ्यांना पाठवताना झाकायचं काय? दोघांची आणि साक्षीदारांची नावं, फोटो, अंगठे, सह्या, आधार, पॅन, मोबाइल, बँक खातं, फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर. करार नोंदलेला असेल तर दस्त क्रमांकही. तो, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय कळलं की सूची-२ शोधता येते आणि झाकलेली नावं पुन्हा उघडी पडतात. रक्कम, तारखा, मुदत मात्र राहू द्या.

नावं खोडताना एक चूक फार होते. 'लायसेन्सर' म्हणजे मालक, 'लायसेन्सी' म्हणजे भाडेकरू. फरक शेवटच्या अक्षराचा. हे शब्दही काळे केले तर रंगाचे पैसे कोणी द्यायचे तेच कळत नाही. नावाच्या जागी 'मालक', 'भाडेकरू' लिहा.

मोबाइलमधला हायलायटर वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तरी मजकूर खाली तसाच राहतो: त्यावरून बोट ओढून कॉपी करा आणि दुसरीकडे पेस्ट करून बघा, आधार नंबर जसाच्या तसा येईल. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रिंट काढायची, ओळींवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि मग पानांचे फोटो काढायचे. नुसतं मार्करने खोडलं तर तिरप्या उजेडात अक्षरं चमकतात. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची खालची कडा तपासा. तिथल्या सह्या आणि टोकन नंबर हमखास झाकायचे राहतात.