१ गिगाबिटच्या चार नेटवर्क लिंक एकत्र जोडाव्यात की एकच १० गिगाबिटची घ्यावी?

बॅकअप सर्व्हरसाठी एक सहकारी या पेचात आहे. एकच मोठी फाइल कॉपी करताना चार लिंक जोडूनही वेग सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटवरच अडकतो. पाठवणारं यंत्र पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांच्यापासून काढलेल्या आकड्यावरून, त्या संवादासाठी एकच लिंक ठरवतं. पॅकेट चारही लिंकवर वाटली, तर ती मागेपुढे पोहोचतील आणि टीसीपी त्यांना हरवलेली समजून पुन्हा पाठवेल. १० गिगाबिटवर हा प्रश्नच नाही, पण ती एकुलती केबल निघाली की सगळं ठप्प. चार लिंकच्या जोडणीत एक निघाली तरी उरलेल्या तिघी काम चालू ठेवतात.

लिनक्समध्ये फक्त मॅक पत्ते बघणारा `layer2` हॅश असेल तर राउटरपलीकडचे सगळे वापरकर्ते एकाच लिंकवर जमतात, तिथे आयपी पत्ते आणि पोर्ट बघणारा `layer3+4` लावा. अनेकजण एकाच वेळी फाइली वाचणार असतील तर जोडणी घ्या. रात्री एकच बॅकअप धावणार असेल तर १० गिगाबिट.