मॅन्युअल की बॅटरीवाली व्हीलचेअर: घेण्याआधी काय मोजायचं, घेतल्यावर काय सांभाळायचं

घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका आला की डिस्चार्जच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो, साधी व्हीलचेअर घ्यायची का बॅटरीवाली? आणि बहुतेक जण सगळ्यात आधी किंमत बघतात. साधी लोखंडी फोल्डिंग खुर्ची साधारण 7 ते 10 हजारात मिळते, बॅटरीवाली 50 हजाराच्या आसपास सुरू होऊन लाखाच्या वर जाते, मग ज्याला परवडतं तो महागडी घेतो, ज्याला परवडत नाही तो साधी. मी खुर्च्यांची दुरुस्ती करतो त्यामुळे घेतल्यानंतर काय होतं ते बघायला मिळतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की किंमत सगळ्यात शेवटी बघायची. आधी तीन गोष्टी बघा: खुर्ची कुणाच्या ताकदीवर चालणार, ती कुठल्या कुठल्या दारातून जाणार, आणि पायऱ्या आल्या की ती कोण उचलणार.

एक उदाहरण देतो. ठाण्यातल्या एक काकू, साठी ओलांडलेली, झटक्यानंतर डावी बाजू गेलेली, उजवा हात आणि पाय चांगला. मुलाने मोठ्या चाकांची साधी खुर्ची आणली होती, आई हाताने ढकलेल म्हणून. पण एकाच हाताने एकच चाक ढकललं की खुर्ची जागेवरच गोल फिरते, सरळ जात नाही. दोन दिवसांत काकूंनी नाद सोडला आणि मुलगा मला म्हणाला, दादा आता बॅटरीवालीच बघतो.

मी म्हटलं आधी टेप घेऊया. बाथरूमचं दार कागदावर 27 इंचाचं, पण मोजायचं कसं तर दार पूर्ण उघडून, उघडलेल्या पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत, कारण पल्ल्याची जाडी आणि बिजागरी मिळून जागा खातात. तिथे मोकळी जागा भरली जेमतेम 25 इंच. आणि खुर्ची होती 18 इंच सीटची, जी दुकानात सर्रास मिळते, तिची बाहेरून बाहेर रुंदी 26 इंचाच्या आसपास. म्हणजे ती आत जाणारच नव्हती. काकू अंगाने बारीक, त्यांना 16 इंच सीट पुरेशी होती (बसल्यावर कमरेची रुंदी मोजायची आणि त्यात एक-दीड इंच मिळवायचा, बस). सीट 2 इंचांनी कमी झाली की खुर्चीही तेवढीच अरुंद होते, आणि माणूस एका बाजूला कलंडूनही बसत नाही. 18 इंच "ऐसपैस" म्हणून घेऊ नका, कळकळीने सांगतो.

दुसरी गोष्ट, काकूंचा उजवा पाय चालत होता ना, मग त्याच बाजूचा फूटरेस्ट काढून ठेवायचा आणि टाच जमिनीला टेकेल इतकी सीट खाली हवी. नेहमीच्या खुर्चीत सीट जमिनीपासून साधारण 19-20 इंचांवर असते, वरून उशी टाकली की अजून वर, आणि पाय लोंबकळत राहतो. 17-18 इंचांवर सीट असलेली खुर्ची मिळते, त्यात हात आणि पाय मिळून माणूस घरातल्या घरात स्वतः फिरतो. काकूंना हीच दिली. हॉल ते स्वयंपाकघर त्या आता स्वतः जातात, आणि तेवढं हलणं फिजिओथेरपीला पण पूरकच आहे.

मग बॅटरीवाली का नाही? त्यांच्या बाबतीत दोन कारणं होती. एक म्हणजे डावी बाजू गेलेल्या काही पेशंटना डाव्या बाजूचं भानच कमी राहतं, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा चौकटीला आपटतो. अशा माणसाच्या हातात जॉयस्टिक देण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्यायचं, कारण मोटरची खुर्ची कुणाच्या पायावरून जायला वेळ लागत नाही. दुसरं कारण पायऱ्यांचं. बिल्डिंगच्या लिफ्टआधी 3 पायऱ्या, प्रत्येकी 6 इंच, म्हणजे 18 इंच चढ. रॅम्पचा नेहमीचा हिशोब आहे 1 ला 12, म्हणजे 18 इंचांना 18 फूट रॅम्प. सोसायटीत तेवढी जागा नव्हती. लेड ॲसिड बॅटरीची खुर्ची सहज 45-50 किलो भरते, ती रोज कोण उचलणार? साधी 16-18 किलोची, दोघं जण आरामात उचलतात. लिथियमवाली फोल्डिंग खुर्ची 25 किलोच्या आसपास मिळते, पण किंमत चढते, आणि तेवढं वजनसुद्धा एकट्याला पायऱ्यांवरून नेणं कठीणच.

आता उलट केस. ज्याचे दोन्ही हात कमजोर आहेत, किंवा मानेला दुखापत झालीय, किंवा खांदे दुखतात म्हणून पंधरा-वीस मिनिटांत दमतो, आणि त्याला रोज कॉलेजला, ऑफिसला, निदान कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतःच्या मर्जीने जायचंय, त्याला बॅटरीवालीच घ्या, दुसरा विचार करू नका. साध्या खुर्चीत त्याला प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि ते रोजचं ओशाळेपण काय असतं ते मी खूप घरांत पाहिलंय. फक्त तळमजला किंवा मोठी लिफ्ट हवी, वळायला साधारण 5 फूट बाय 5 फूट मोकळी जागा हवी, आणि बाथरूमसाठी वेगळी कमोड चेअर हवी कारण मोटरची खुर्ची पाण्यात न्यायचीच नाही. शिवाय जमलं तर एक साधी खुर्ची घरात ठेवाच, बॅटरीवाली दुरुस्तीला गेली की माणूस पलंगावर अडकतो. पैशाचा प्रश्न असेल तर यूडीआयडी कार्ड काढून केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा, अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत साधनं मिळतात, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाची आणि उत्पन्नाची अट असते.

आता सांभाळायचं कसं. साध्या खुर्चीत टायर आणि ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं लोकांना वाटतं, पण तिचा ब्रेक म्हणजे काय तर एक लोखंडी दांडी, जी लिव्हर ओढली की टायरवर दाबून बसते. टायरमध्ये हवा कमी झाली की टायर आत जातो, दांडी नीट दाबत नाही, आणि ब्रेक लावलेला दिसतो पण खुर्ची सरकते. पलंगावरून खुर्चीत बसताना पडण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून ब्रेक ढिला वाटला की पाना उचलायच्या आधी पंप उचला. किती हवा ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, तेवढीच भरायची. पेट्रोल पंपावरच्या मशीनने भरू नका, ट्यूब लहान असते, क्षणात जास्त हवा जाते आणि फुटते, सायकलचा हातपंप बरा. ट्यूब बदलायची असेल तर कडेवरच्या साईजचा फोटो काढून सायकलवाल्याकडे न्या, 24 इंचाच्या टायरमध्ये पण दोन-तीन प्रकार असतात आणि चुकीचा रिमवर बसत नाही.

हवा बरोबर भरूनही चाक फिरत असेल तर मग ब्रेकचा क्लॅम्प फ्रेमवर ज्या दोन बोल्टनी धरलेला असतो ते ॲलन कीने थोडे सैल करा, क्लॅम्प टायरकडे किंचित सरकवा, घट्ट करा. तपासायचं असं: खुर्ची रिकामी, दोन्ही ब्रेक लावलेले, मागून जोरात ढकला, चाकं फिरता कामा नयेत, फार तर घसटतील. भरीव टायर असेल तर पंक्चर नाही, पण तो झिजतो, त्यामुळे ब्रेक हळूहळू लांब पडतोच. आणि हा ब्रेक फक्त उभी खुर्ची धरायला आहे, उतारावर वेग कमी करायला ओढायचा नाही, एका बाजूचा आधी धरला की खुर्ची तिरकी होऊन माणूस पुढे जातो. पुढच्या छोट्या चाकांच्या एक्सलभोवती केस आणि धागे गुंडाळलेले असतात, खुर्ची जड चालतेय असं वाटलं की आधी तिथे बघा, कात्रीने कापून चिमट्याने ओढून काढा.

बॅटरीवालीत ब्रेक मोटरच्या आत असतो, जॉयस्टिक सोडली की खट् आवाज होऊन तो आपोआप लागतो. पण मोटरजवळ एक लिव्हर असते, ती फिरवली की खुर्ची हाताने ढकलता येते आणि त्या वेळी ब्रेक नसतो, म्हणजे उतारावर ती लिव्हर कधीच फिरवायची नाही. माझ्याकडे "खुर्ची बंद पडली" म्हणून येणाऱ्या फोनमध्ये कितीतरी वेळा ही लिव्हर उलटी राहिलेली असते किंवा चार्जर लावलेलाच असतो, चार्जर जोडलेला असताना बऱ्याच खुर्च्या मुद्दाम चालत नाहीत. टायरचं इथे वेगळंच, हवेचे टायर असतील आणि एकात हवा कमी असेल तर जॉयस्टिक सरळ धरूनही खुर्ची त्याच बाजूला ओढते, लोक मोटर खराब समजून घाबरतात.

बॅटरीवर मात्र थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. लेड ॲसिडच्या खुर्चीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. पूर्ण उतरवून मग चार्ज करायची ही जुन्या मोबाईलची सवय इथे चालत नाही. अर्धी उतरलेली लेड ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती परत पूर्ण भरत नाही. वापरली त्या दिवशी रात्री चार्जिंगला लावायची, चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत, ज्याला 8-10 तास लागू शकतात, अर्ध्यात काढायची नाही. लोडशेडिंग असेल तर वीज आली की पुन्हा लावा. गावाला महिनाभर जाणार असाल तर पूर्ण भरून ठेवून जा, आणि जास्त दिवस पडून असेल तर महिन्यातून एकदा भरा. लिथियमला उलट आहे, बरेच दिवस ठेवायची तर साधारण अर्धी भरलेली ठेवा, उन्हात नको.

बॅटरी संपत आलीय हे कसं ओळखायचं? सपाट रस्त्यावर जॉयस्टिकवर चार्जच्या पूर्ण दांड्या दिसतात, रॅम्प चढताना धाडकन दोन-तीन खाली येतात, वर गेल्यावर परत येतात, असं रोज व्हायला लागलं की समजा. मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग दोन्ही वेगवेगळ्या मोजा. निरोगी असेल तर प्रत्येकी 12.7 च्या आसपास किंवा थोडं वर दिसतं. एक 12.8 आणि दुसरी 12.1 असेल तर दुसरी गेली. पण बदलताना दोन्ही एकदमच बदला, जुनी नवीला पण खेचून खाली आणते. गाडीची बॅटरी टाकू नका, ती स्टार्टरला एक झटका देण्यासाठी बनवलेली असते, खोल उतरणं तिला झेपत नाही. आणि लेड ॲसिडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, प्लग बसला तरी नाही, आग लागू शकते. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावूच नका.

पावसाळ्यात जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, पाणी जास्त करून तिथूनच आत शिरतं. घ्यायच्या दिवशी दुकानदाराला सांगून खुर्ची एकदा रॅम्पवर, एकदा तुमच्या दाराच्या मापाच्या जागेतून चालवून बघा, आणि बॅटरी, चार्जर, जॉयस्टिक या तिघांची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या, कारण बॅटरीची वॉरंटी खुर्चीपेक्षा बहुतेक कमीच असते.